तुलनेच्या पानावरची चौथी गादी

माझी मावशी आयुष्यभर असं लिहीत आली, जे कुणी वाचत नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला पातळ कागद असतो ना, गोळ्या काढताना आपण पहिल्यांदा फेकतो तो, तो मावशी लिहायची. मळमळ होऊ शकते, क्वचित चक्कर येते, फारच क्वचित श्वास लागतो. वाईट बातमी आवाज न चढवता सांगायची तिला इतकी सवय झाली होती, की घरातही ती तशीच बोलायची. माझ्या लग्नाच्या वेळी तिने मला बाजूला घेऊन नवऱ्याचे गुण सांगितले आणि मग त्याच सुरात, कोणत्या गोष्टींनी त्रास होण्याची शक्यता आहे, तेही सांगितलं. दोन्ही खरं निघालं.

औषधांची कंपनी दुसऱ्या गावी गेली, तेव्हा मावशीने जायला नकार दिला. मी तेव्हा एका गादीच्या कारखान्यात वस्तूंचे फोटो काढायचं काम करत होते. कारखाना म्हणजे खाली फोम कापायची जागा, मागे गोदाम आणि वर कार्यालय. गाद्या स्वस्त, गुंडाळून खोक्यात भरलेल्या, इंटरनेटवरून घरपोच जाणाऱ्या. मालकांना मजकूर लिहिणारं माणूस हवं होतं. मी मावशीचं नाव सुचवलं आणि ती माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली.

मालकांची अडचण साधी होती. विक्री बरी होती, पण गाद्या परतही फार येत. लोक महागड्या गादीची अपेक्षा ठेवून स्वस्त गादी मागवत आणि चार दिवस झोपून हिरमुसत. आधी कुणाकडून तरी बाहेरून लिहून घेतलेलं एक पान आमच्या साइटवर होतं. त्यात आमची गादी आणि दोन महागड्या गाद्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. आमच्या रकान्यात सगळीकडे हिरव्या खुणा, त्यांच्या रकान्यात लाल फुल्या, आणि वर मोठ्या अक्षरात, नावाचे पैसे कशाला मोजता, असा टोमणा. मावशीने ते पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

तिने मालकांना सांगितलं की हे वाचून शहाणं माणूस एवढंच समजेल, की इथे काहीतरी दडवलंय. तुलना लिहायची तर त्यांची गादी कुठे चांगली आहे ते आधी लिहावं लागेल. कुणी त्यांचीच घ्यावी, तेही लिहावं लागेल. मालक हसले. मग परत आलेल्या गाद्यांच्या ढिगाकडे त्यांची नजर गेली आणि ते म्हणाले, लिहून तर बघा.

मावशीने अट घातली, की ज्या गादीवर ती झोपली नाही तिच्याबद्दल ती अक्षर लिहिणार नाही. म्हणून मालकांनी दोन्ही महागड्या गाद्या रीतसर विकत घेतल्या आणि गोदामावरची एक रिकामी खोली तिला दिली. तीन पलंग, तीन गाद्या, सारख्या पांढऱ्या चादरी. एक आमची, खाली कडक फोम आणि वर मऊ फोमचा थर. एक रबराच्या चिकाची, लॅटेक्सची. तिसरी स्प्रिंगची, प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत शिवलेली.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. भिंतींना टेकवून फोमच्या लाद्या रचलेल्या होत्या, जवळजवळ छतापर्यंत. फोम आवाज खातो हे मला माहीत होतं, पण किती खातो हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. शब्द तोंडातून निघायचा आणि हनुवटीपाशीच विरायचा. खालचं यंत्र चालू असताना सगळी इमारत गुरगुरायची, पण त्या खोलीत दार लावलं की काही नाही. स्वतःचा श्वास मात्र ऐकू यायचा, आणि तो आपला नसून शेजारच्या कुणाचा असावा इतका जवळून.

मावशी रोज जेवण झाल्यावर तिथे जायची. पाठीवर, कुशीवर, कडेला बसून, सगळ्या तऱ्हांनी गाद्या पारखायची. मला एका बाजूला झोपवायची, आपण दुसऱ्या बाजूला कूस बदलायची आणि विचारायची, हललं का? आमच्या फोममध्ये हलत नव्हतं, ते तिने लिहिलं. स्प्रिंगच्या गादीच्या कडेला बसून बूट घालता येत होते, आमच्या गादीवरून माणूस घसरत होता. तेही लिहिलं. लॅटेक्स अंगाला गार लागत होतं, आमची तापत होती. आमची एकट्या बाईलाही जिन्यावरून नेता येत होती, लॅटेक्सला दोन माणसं लागत होती. नव्या फोमचा वास काही दिवस राहतो. बाकी वॉरंटी, परत करण्याची मुदत आणि आतल्या थरांची माहिती तिने त्या कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतली आणि कोणत्या दिवशी बघितलं ती तारीख शेजारी टाकली. उद्या त्यांनी बदल केला तर आपण खोटे पडू नये म्हणून.

पान जवळजवळ तयार झालं होतं. मग एक दिवस मावशी म्हणाली, "या तिन्ही नव्या आहेत. नवी गादी सगळ्यांचीच गुणाची असते. मला म्हातारी गादी दाखवा."

महागडीचा प्रश्न लवकर सुटला. मालकांच्या बहिणीकडे लॅटेक्सची गादी बऱ्याच वर्षांपासून होती, ती तिने बघू दिली. आडवी काठी टेकवून, काठीपासून खाली पट्टी सोडून मोजलं, जेमतेम करंगळीचं नख बुडेल एवढा खोलगटपणा होता. आमची जुनी गादी मिळणं अवघड गेलं. मावशीने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. बहुतेकांनी टाकून दिली होती. एका बाईंनी मात्र मावशीचं वाक्य पुरं व्हायच्या आतच सांगितलं, घेऊन जा.

चौथी गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आली. आमचे कटरकाका, म्हणजे खाली फोम कापणारे, त्यांनी आणि मी मिळून ती वर नेली, पलंगावर टाकली आणि प्लास्टिक काढलं. गादी स्वच्छ होती. डाग नाही, भोक नाही. फक्त कडेच्या बाजूला एक खळगा होता.

खळगे मी पुष्कळ पाहिले होते. कमी घनतेचा फोम दबतो, जिथे कंबर तिथे आधी दबतो, आणि एक गोल वाटीसारखी जागा तयार होते. हा खळगा तसा नव्हता. काय वेगळं आहे ते चटकन कळेना, म्हणून मी दिवा खाली, गादीच्या पातळीवर धरला. तिरप्या उजेडात उंचसखल भाग उठून दिसतो, कापडाचे फोटो काढताना आम्ही तेच करतो. मी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मावशीला हाक मारली.

डाव्या कुशीवर झोपलेलं माणूस होतं. डोकं, खांदा, कंबर, पोटाशी घेतलेले गुडघे, सगळं आपापल्या जागी, आणि पाठीमागे सपाट मोकळी गादी. एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने, वर्षानुवर्षं, जराही न हलता कुणी झोपलं असेल तरच असा ठसा उमटेल. पण माणूस झोपेत हलतोच.

मावशीने मला त्यात झोपायला सांगितलं. मला नको होतं, पण मी झोपले. पाठीवर पडले होते, तरी अंग आपोआप डावीकडे कललं. उतारच तसा होता, त्यात नवल काही नाही. माझा खांदा त्या खांद्यात बसला, कंबर कंबरेत. गुडघे मात्र त्या गुडघ्यांपर्यंत पोचेनात. जे कुणी होतं ते माझ्याहून उंच होतं. त्या मुक्या खोलीत माझा श्वास मला मानेमागून ऐकू आला आणि मी उठले.

कटरकाकांना ते आवडलं नाही. जमीन वाकडी असेल, पलंग कलला असेल, असं ते म्हणाले. मग आम्ही गादी डोक्याकडची पायाकडे फिरवली. खळगा गादीबरोबर फिरून दुसऱ्या कडेला गेला. म्हणजे तो गादीतच होता. काका पट्टी धरून मोजायला वाकले, आकडा सांगितला आणि हात पँटला पुसून खाली निघून गेले. वॉरंटीत गादी बदलून मिळायला खळगा जितका खोल लागतो, त्याहून आकडा कमी होता. त्या बाईंनी पूर्वी तक्रार केली होती, तेव्हा त्यांना याच कारणाने नाही म्हटलं होतं, असं तक्रारींच्या नोंदीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी मावशी मला घेऊन त्या बाईंकडे गेली. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले अर्धवट कपडे. बाई घरीच शिवणकाम करत. साठीच्या असतील. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघायची त्यांना सवय होती. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि गादीचा विषय निघायची वाट बघत बसल्या.

मावशीने विचारलं, कडेच्या बाजूला कोण झोपत होतं?

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "मी भिंतीकडे झोपते. एकटीच असते. ती बाजू पहिल्यापासून मोकळीच होती."

त्यांनी आतला पलंग दाखवला. मावशीने खाली वाकून फळ्या बघितल्या, हाताने दाबल्या. एक फळी मोडलेली असती तर बरं झालं असतं, कारण पलंग वाकला की फोमही वाकतो. पण अख्ख्या पलंगाला एकच जाड प्लायवूड होतं, सपाट, तसूभरही वाकलेलं नव्हतं. त्या बाजूला जड काही ठेवायचात का, पेटी, कपड्यांचे गठ्ठे? बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या की त्यांनी तक्रारीतही खरं तेच लिहिलं होतं, आणि आमच्याकडून फोन करणारा मुलगा हसला होता. त्या त्यावर चिडलेल्या नव्हत्या. आपणही हसलो असतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग त्या म्हणाल्या, "डावा खांदा उतरता आहे. पाठ लांब. असं माप माझ्याकडे कधी आलेलं नाही."

त्यांनी टेप लावून मोजलं होतं. शिवणाऱ्या बाईचा हात तो, समोर अंग दिसलं की टेप निघतो. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. परत येताना वाटेत ती एकच गोष्ट बोलली, की त्या बाई खोटं बोलत असतील असं तिला वाटत नाही, आणि हे लिहायचं कसं ते तिला कळत नाही.

मालकांशी वाद झाला तो त्यानंतर. मावशीने तक्त्यात एक ओळ घातली होती, जुनी गादी मोजल्यावर किती खोल भरली याची. आमचा आकडा लॅटेक्सच्या कितीतरी पट. शेजारी तिने स्पष्ट केलं होतं की ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, प्रत्येकी एकाच गादीचं माप आहे. मालकांनी ते वाचलं, फोटो बघितला, फोटो उलटा ठेवला आणि म्हणाले, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा का? ही ओळ काढा. त्या बाईचं काहीतरी वेगळं प्रकरण आहे, त्यात आपल्या फोमचा काय दोष?

मावशी म्हणाली, फोमचा दोष आहे असं मी लिहिलेलं नाही. मोजलं ते लिहिलंय. आता काढलं तर उरलेलं पान खरं असूनही खोटं होईल.

दोघंही हटेनात. शेवटी मावशीने असा मार्ग काढला, की पान साइटवर लावण्याआधी दोन्ही कंपन्यांना पाठवायचं. तुमच्या गादीबद्दल यात काही चुकीचं असेल तर सांगा, आम्ही दुरुस्त करू. मालकांना हा वेडेपणा वाटला, पण निदान ते उत्तर देणार नाहीत आणि तोवर मावशी शांत होईल, या हिशेबाने त्यांनी होकार दिला. कच्च्या मजकुरात जुन्या गादीचा फोटो नव्हता. फक्त एवढंच होतं, की आमच्या एका वापरलेल्या गादीच्या कडेला खळगा आढळला, आणि त्याची खोली.

लॅटेक्सवाल्यांनी आभार मानून एक आकडा सुधारला. स्प्रिंगवाल्यांकडून उत्तर आलं ते त्यांच्या गाद्या तयार करणाऱ्या विभागातल्या एका गृहस्थांचं. नीट, मुद्देसूद. परत करण्याची मुदत त्यांनी वाढवली होती, ती बदला. त्यांच्या कडेच्या स्प्रिंगा जाड तारेच्या आहेत, हे लिहिलंत तर बरं होईल. आमची गादी हलवायला सोपी आहे हे त्यांना मान्य होतं. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती.

"तो खळगा डाव्या कुशीचा होता का?"

मावशीने ते वाचलं तेव्हा मी शेजारीच होते. कुशीबद्दल आम्ही अवाक्षर लिहिलं नव्हतं. कार्यालयात भरदुपार होती, खाली यंत्र गुरगुरत होतं, कुणीतरी फोनवर पत्ता सांगत होतं.

तिने त्या गृहस्थांना फोन केला. मला तिच्याच बाजूचं ऐकू येत होतं आणि ती फारसं बोलत नव्हती. नंतर तिने सांगितलं, की त्यांच्याकडेही मागे एक गादी परत आली होती. त्यांची सगळ्यात महागडी. एकट्या राहणाऱ्या गृहस्थांची, मोकळ्या बाजूला तसाच डाव्या कुशीचा खळगा. स्प्रिंगा कापून बघितल्या, तार उत्तम होती. तेव्हापासून ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि इथून पुढेही सांगणार नव्हते. तुमचं पान वाचून विचारावंसं वाटलं, एवढंच ते म्हणाले.

मावशी त्या संध्याकाळी पान घेऊन बसली आणि तिने ती ओळ तक्त्यातून काढली. मालक खूश झाले, पण थोडाच वेळ. तिने त्यांना समजावलं, की आपला खळगा आणि लॅटेक्सचा सपाटपणा शेजारी शेजारी ठेवला तर वाचणारा म्हणेल, स्वस्त म्हणून असं झालं. तसं म्हणायला आपल्याकडे आधार नाही. स्प्रिंगवाल्यांची आतली गोष्ट आपण छापायची नाही, ती त्यांनी विश्वासाने सांगितली. पण तिच्यामुळे आपली ओळ खोटी पडते, हे तर आपल्याला आता कळलंय.

तक्त्यात तिने मग फक्त सरळ माहिती ठेवली. आमच्या फोमची घनता कमी आहे, तो आधी मऊ पडतो, वॉरंटी त्यामुळेच छोटी आहे. वजन जास्त असेल, किंवा एकच गादी खूप वर्षं वापरायची असेल, तर यांच्यापैकी एक घ्या, आणि दोन्ही कंपन्यांच्या पानांची लिंक. भाड्याच्या घरात असाल, पाहुण्यांच्या खोलीला हवी असेल, सारखं सामान हलवावं लागत असेल, तर आमची पुरेल. कुठे लाल फुली नाही, कुठे टोमणा नाही. आणि सगळ्यात खाली, आम्हाला काय माहीत नाही, असं शीर्षक देऊन तिने लिहिलं, की एका जुन्या गादीवर आम्हाला असा खळगा दिसला ज्याचं कारण फोममध्ये, पलंगात किंवा वापरात सापडलं नाही. तसं कुणाला दिसलं तर कळवा. आम्ही हसणार नाही.

मालकांनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाले, राहू द्या.

पान लागलं. काही गिऱ्हाइकं खरंच दुसरीकडे गेली, कारण ती तिथलीच होती. पण गाद्या परत येणं कमी झालं. ज्यांनी घेतली त्यांनी काय घेतोय ते वाचून घेतली होती. मालक लोकांना अभिमानाने सांगू लागले, की प्रतिस्पर्ध्याची लिंक देणारे आम्हीच. शेवटच्या परिच्छेदाबद्दल मात्र ते कधी बोलत नसत. त्यावर कळवणारे लोक कमी होते, पण होते. ती पत्रं मावशी स्वतः वाचायची, उत्तर द्यायची आणि आम्हाला दाखवायची नाही.

शिवणकामवाल्या बाईंना नवी गादी आम्ही आधीच पोचती केली होती. काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. नव्या गादीला काही नाव ठेवायचं नव्हतं. जुनी परत मिळेल का, असं त्या विचारत होत्या. झोप लागत नाही, म्हणाल्या. पलंग फार मोठा वाटतो.

मावशीने मालकांना न विचारता हो म्हटलं. कटरकाकांनी गाडी चालवली, मी आणि मावशी मागे बसलो, मध्ये ती गादी उभी. बाईंनी दार उघडून ठेवलंच होतं. आम्ही गादी आत नेली, तेव्हा त्यांनीच सांगितलं की डोक्याकडची बाजू कुठली, खळगा बाहेरच्या कडेला यायला हवा. चादर त्यांनी घातली. आपली बाजू हाताने झटकून सारखी केली, दुसऱ्या बाजूवर नुसतंच अलगद पसरली.

बाहेरच्या खोलीत खुंटीवर एक नवा सदरा होता. पाठ लांब, आणि डावा खांदा उजव्याहून उतरता. काजं करून झाली होती, बटणं लावायची राहिली होती. मावशीने तो पाहिला, मी पाहिला, आणि आम्ही पाहिला हे बाईंनीही पाहिलं.

मावशी म्हणाली, "शिवण सुरेख आहे."

"अंगात नीट बसायला हवा," बाई म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला खिडकीपाशी गेल्या.